घर एकच, हिस्साही सारखाच. मग कुवेतच्या भावाला कर दुप्पट का?

वडिलोपार्जित घर विकायचं ठरलं की आपल्याकडे आधी हिश्श्यांची चर्चा होते, मग गिऱ्हाईकाची, आणि सगळ्यात शेवटी, बहुतेकदा पैसे हातात आल्यावर, आयकराची. जुलै 2024 नंतर हा क्रम महागात पडू शकतो. विशेषतः ज्या घरातला एखादा भाऊ आखातात आहे त्या घरात, आणि कोकणात तर असं घर नसलेला मोहल्ला शोधावा लागेल.

आधी मुद्दा समजून घेऊ. घर विकून जो नफा होतो त्यावर कर लागतो. पण पंचवीस वर्षांपूर्वीचे आठ लाख आणि आजचे आठ लाख सारखे नाहीत. म्हणून कायदा पूर्वी एक सवलत देत असे: खरेदीची किंमत महागाईच्या प्रमाणात वाढवून धरा आणि मग नफा काढा. यालाच इंडेक्सेशन म्हणतात. त्यासाठी सरकार दरवर्षी एक आकडा जाहीर करतं. 2001-02 साठी तो 100 आहे, 2025-26 साठी 376. म्हणजे 2001 सालचा एक रुपया आज 3 रुपये 76 पैसे धरायचा. अशा नफ्यावर कर होता 20 टक्के.

23 जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात ही सोय काढून टाकली आणि दर 12.5 टक्के केला. दर कमी झाला म्हणून काहींनी टाळ्या वाजवल्या. पण जुनी घरं असलेल्यांनी हिशेब मांडला तेव्हा आरडाओरडा झाला, आणि ऑगस्टमध्येच सरकारला दुरुस्ती करावी लागली. 23 जुलै 2024 च्या आधी घेतलेली जमीन किंवा इमारत असेल तर दोन्ही पद्धतींनी हिशेब करा, जो कर कमी येईल तेवढाच भरा, असं ठरलं. बातम्यांत एवढंच आलं आणि लोकांना वाटलं, चला, प्रश्न मिटला. पण दुरुस्तीत एक शब्द आहे: ‘निवासी’. ही निवड फक्त भारतात निवासी असलेल्या व्यक्तींना आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना आहे. अनिवासी भारतीयाला नाही.

आता एक हिशेब फळ्यावर मांडू. घर कल्पनेतलं आहे, कायदा खरा आहे. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावात अब्बांनी 1986 साली घर घेतलं. अम्मी आधीच अल्लाहला प्यारी झाली होती, 2012 मध्ये अब्बाही गेले. वारस तिघे: थोरला भाऊ गावात नोकरी करतो, धाकटा बारा वर्षं कुवेतमध्ये, आणि बहीण लग्न होऊन पुण्यात. शरीयतप्रमाणे हिस्से दोन, दोन आणि एक, म्हणजे 40, 40 आणि 20 टक्के. 2025-26 मध्ये घर 40 लाखांना विकलं. थोरल्याला 16 लाख, धाकट्याला 16 लाख, बहिणीला 8 लाख.

पहिला प्रश्न: खरेदीची किंमत कोणती धरायची? वारसाने तर पैसे दिलेलेच नाहीत. म्हणून कुणी शून्य धरतं, कुणी वडील वारले त्या वर्षीचा भाव धरतं. दोन्ही चूक. वारसाला वडिलांची किंमत मिळते. आणि घर 1 एप्रिल 2001 च्या आधीचं असेल तर त्या दिवशीचा बाजारभाव धरायची मुभा आहे. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घ्यायचा. मात्र त्या तारखेचा रेडीरेकनरचा दर उपलब्ध असेल तर त्याच्या वर जाता येत नाही. आपल्या उदाहरणात हा भाव 8 लाख धरू.

दुसरा प्रश्न: महागाई कुठल्या वर्षापासून मोजायची? घर वारसांकडे आलं 2012 मध्ये, म्हणून तेव्हापासूनच मोजा, असा आयकर खात्याचा आग्रह असे. 2012-13 चा आकडा 200 आहे. तो धरला तर 8 लाखांचे जेमतेम 15 लाख होतात. 2001 पासून मोजलं तर 30 लाख 8 हजार. फरक दुपटीचा. मुंबई उच्च न्यायालयाने 2011 मध्ये, मुलीने आईला बक्षीस दिलेल्या फ्लॅटच्या प्रकरणात, हा वाद करदात्याच्या बाजूने सोडवला: आधीच्या मालकाकडे मालमत्ता होती तेव्हापासूनच इंडेक्सेशन मिळेल. महाराष्ट्रातल्या कुठल्याही वारसाने हा निकाल आपल्या सीएला आठवणीने विचारावा.

आता नफा. इंडेक्सेशन धरून: 40 लाख वजा 30 लाख 8 हजार, म्हणजे 9 लाख 92 हजार. थोरल्याचा 40 टक्के हिस्सा 3 लाख 96 हजार 800. त्यावर 20 टक्के कर 79,360 रुपये. इंडेक्सेशन नाही धरलं तर: 40 वजा 8, नफा 32 लाख, हिस्सा 12 लाख 80 हजार, त्यावर साडेबारा टक्के म्हणजे 1 लाख 60 हजार. थोरला निवासी आहे, तो 79,360 भरेल. धाकटा अनिवासी आहे, त्याला निवड नाही. त्याला 1 लाख 60 हजार. वर दोघांना 4 टक्के सेस. त्याच भिंती, तेच छप्पर, तेच अब्बा.

बहिणीचं दुसरं उत्पन्न नसेल तर तिचा इंडेक्सेशननंतरचा नफा 2 लाखांच्या आतच राहतो. तो करमुक्त मर्यादेत बसतो, म्हणजे कर शून्य. रिटर्न मात्र तिनेही भरावा. धाकट्याला ही मर्यादाही या नफ्यासाठी वापरता येत नाही, मग भारतात त्याचं दुसरं एक पैशाचं उत्पन्न नसलं तरी. (आणि ‘12 लाखांपर्यंत टॅक्स नाही’ हे जे सगळ्यांच्या तोंडी आहे, ती सूट घराच्या या नफ्याला लागू नाही. निवासी भावानेही त्या भरवशावर राहू नये.)

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. आपल्याकडे बहिणीकडून हक्कसोड लिहून घ्यायची वाईट सवय आहे. वारसा कायद्याने हिस्सा ज्याचा त्याचा स्वतंत्र ठरतो आणि करही ज्याचा त्याचा. बहिणीने सही करून हिस्सा सोडला की तिचा तो नफा भावांच्या नफ्यात जातो आणि जिथे शून्य कर होता तिथे कर लागतो. तिचा हक्क तिला देणं दीनच्या हिशेबानेही बरोबर, आयकराच्या हिशेबानेही.

मग प्रत्येक घरात अनिवासी भाऊ तोट्यातच का? नाही, आणि यातली खरी मेख इथेच आहे. 2001 चा भाव आणि 2025-26 चा विक्रीभाव यांचं प्रमाण काढा. भाव साधारण 8.36 पटीच्या वर गेला असेल तर साडेबारा टक्क्यांची पद्धतच स्वस्त पडते, सगळ्यांना. आपल्या उदाहरणातलं 8 लाखांचं घर 67 लाखांच्या वर गेलं असतं तर दोघा भावांचा कर सारखाच आला असता. मुंबई-ठाण्याकडे जिथे भाव दहापट झाले तिथे हा भेद जाणवणारच नाही. मार बसतो तो जिथे भाव हळू वाढले तिथे. समजा हेच घर पडझडीमुळे 28 लाखांनाच गेलं. महागाई धरली तर हे नुकसान आहे, 30 लाख 8 हजारांची वस्तू 28 लाखांना गेली. थोरल्याला कर शून्य. धाकट्याचा ‘नफा’ मात्र 8 लाख, आणि कर 1 लाख. कमाई काहीच नाही, कर मात्र आहे. (थोरल्याचं ते कागदावरचं नुकसान दुसऱ्या नफ्यातून वजा करता येत नाही किंवा पुढच्या वर्षी नेता येत नाही, हेही लक्षात असू द्या.)

कराइतकीच मोठी डोकेदुखी टीडीएसची आहे. निवासी विकणाऱ्यांचा व्यवहार 50 लाखांच्या खाली असेल तर खरेदीदाराला काही कापायचं नसतं, वर असेल तर 1 टक्का. अनिवासीच्या हिश्श्याला ही मर्यादा नाही. तिथे दाखला नसेल तर खरेदीदार सावधगिरीने पूर्ण 16 लाखांवर सेससकट 13 टक्के कापतो, म्हणजे 2 लाख 8 हजार. प्रत्यक्ष कर सेस धरून 1 लाख 66 हजार 400. उरलेले रिटर्न भरून परत मागत बसायचे. यावर उपाय आहे: खरेदीखताच्या आधी आयकर खात्याकडे ऑनलाइन अर्ज करून कमी कपातीचा दाखला घ्यायचा. तो आठवड्याभरात येईल अशी अपेक्षा ठेवू नका, बयाणा घेतानाच अर्जाची तयारी करा. काही जण ‘भाऊ कुवेतला असतो’ हे खरेदीदाराला सांगतच नाहीत. मग कमी कापल्याची जबाबदारी त्या बिचाऱ्या खरेदीदाराच्या गळ्यात पडते. ही फसवणूक आहे, हुशारी नाही.

धाकट्याकडे मार्ग काय? निवासी की अनिवासी हे पासपोर्टवर नाही, विक्रीच्या आर्थिक वर्षात भारतात किती दिवस राहिलो यावर ठरतं. 182 दिवस भरले तर तो निवासी. म्हणजे जो कायमचा परतणार आहे तो सप्टेंबर संपायच्या आत आला आणि मार्चअखेर इथेच राहिला, तर त्या वर्षातल्या विक्रीला त्यालाही निवड मिळते. परतायला चार-सहा महिनेच उरले असतील तर विक्री थांबवणं फायद्याचं ठरू शकतं. दुसरं, याच नफ्यातून भारतात ठरलेल्या मुदतीत घर घेतलं तर मिळणारी सूट अनिवासींनाही आहे. आणि तिसरं, ज्याचं भारतातलं उत्पन्न या नफ्यासकट 15 लाखांच्या वर जातं आणि ज्याला आखातात आयकरच नाही, अशा भारतीय नागरिकाला कायदा ‘मानीव निवासी’ धरू शकतो. तिथे हिशेब बदलतो, म्हणून मोठ्या व्यवहारात आखाताचे नियम जाणणाऱ्या सीएकडेच जा. जाताना अब्बांचं खरेदीखत, 2001 चा मूल्यांकन अहवाल, वारसांची कागदपत्रं आणि धाकट्याच्या पासपोर्टवरच्या येण्या-जाण्याच्या शिक्क्यांच्या प्रती बरोबर न्या.