दुसरी पत्नी, सावत्र मुले आणि तरका

वारसाहक्कावर जी पत्रे आमच्याकडे येतात, त्यांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा असतो. वडिलांनी दुसरा निकाह केला होता, वसियत न करता त्यांचा इंतकाल झाला, तर आता कोणाला काय मिळणार? थोरली मुले म्हणतात, "नंतर आलेल्या बाईचा हक्क कसला?" आणि त्या बाईला वाटते, आपल्या पहिल्या घरच्या मुलालाही यात वाटा असेल. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत.

हिशोबासाठी एक घर धरू. मरहूमच्या पहिल्या पत्नीचा इंतकाल आधीच झालेला. तिच्यापासून एक मुलगा आणि दोन मुली. दुसरी पत्नी विधवा होती, तिने पहिल्या पतीपासून झालेला मुलगा सोबत आणला. या निकाहातून एक मुलगी झाली. मरहूमचे आईवडील हयात नाहीत. घर आणि बँकेतील ठेव मिळून २१ लाख रुपये.

ही सगळी रक्कम लगेच वाटायची नसते. आधी कफन-दफनाचा खर्च, समजा २० हजार. मग कर्ज, पतपेढीचे ३० हजार. दुसऱ्या पत्नीचा ५० हजार मेहर द्यायचा राहिला होता, तोही कर्जच. तो तिच्या वाट्यातून वळता करायचा नाही, वाटणीच्या आधी वेगळा द्यायचा. पहिल्या पत्नीचा मेहर राहून गेला असता, तर तोही तिच्या वारसांचे येणे म्हणून धरावा लागला असता. आपल्या उदाहरणात तो तिच्या हयातीतच दिलेला आहे. उरले २० लाख.

सूरह निसाच्या १२ व्या आयतीप्रमाणे मरहूमला मूल असेल तर पत्नीचा वाटा आठवा, नसेल तर चौथा. मूल कोणत्या पत्नीचे, हे पाहिले जात नाही. म्हणून दुसऱ्या पत्नीला अडीच लाख. पहिली पत्नी हयात असती, तर याच अडीच लाखांचे दोघींत सारखे दोन भाग झाले असते. विधवेने पुढे निकाह केला, तरी मिळालेला वाटा परत जात नाही.

राहिले साडेसतरा लाख. ते मरहूमच्या चारही मुलांचे: मुलाला दोन भाग, प्रत्येक मुलीला एक. म्हणजे मुलाला ७ लाख आणि तिन्ही मुलींना साडेतीन-साडेतीन लाख. धाकटी मुलगी दुसऱ्या पत्नीची म्हणून तिचा वाटा एक रुपयानेही कमी होत नाही. हनफी असोत वा कोकणातले शाफई, या घराचा हिशोब दोघांचा एकच.

आता सोबत आलेला मुलगा. मरहूमने त्याला वाढवले, शाळेच्या दाखल्यावर आणि रेशनकार्डावर आपले नाव दिले, तरी तो वारस होत नाही. वारसा रक्ताने किंवा निकाहाने येतो. हा मुलगा आपल्या सख्ख्या बापाचा वारस आहे आणि आईचा. उद्या या आईचा इंतकाल झाला आणि तिचे अडीच लाख व मेहरचे ५० हजार तसेच असले, तर त्या ३ लाखांतून मुलाला २ लाख आणि मुलीला १ लाख मिळेल. तिचे आईवडील किंवा नवा पती हयात असल्यास आधी त्यांचे वाटे निघतील. थोरल्या तिघांना सावत्र आईच्या मालमत्तेत काही नाही. जो नियम सावत्र मुलाला बाहेर ठेवतो, तोच त्यांनाही ठेवतो.

घोळ होतो तो वारस नोंदीच्या वेळी. प्रतिज्ञापत्रात सावत्र आईचे नाव गाळले जाते, किंवा दाखल्यावरून सावत्र मुलाचे नाव घातले जाते. म्हणून सही करण्यापूर्वी नावे मोजून पाहावीत. आपल्या उदाहरणात ती पाचच हवीत. बँकेत नॉमिनी म्हणून थोरल्या मुलाचे नाव असले, तर तो रक्कम उचलू शकतो, पण ती रक्कम सर्व वारसांची असते.

सावत्र मुलाला काही द्यावे असे मरहूमच्या मनात असते, तर वाट मोकळी होती. तो वारस नसल्यानेच त्याच्या नावे एक तृतीयांशापर्यंत वसियत करता आली असती. हयातीत ताबा देऊन हिबाही करता आला असता. आता ते वारसांच्या हातात आहे. सूरह निसाची ८ वी आयत वाटणीच्या वेळी हजर असलेल्या नातेवाईक, यतीम व गरिबांनाही काही देण्यास सांगते. सज्ञान वारसांनी राजीखुशीने आपल्या वाट्यातून द्यावे. धाकटी मुलगी अज्ञान असेल, तर तिच्या साडेतीन लाखांना मात्र कोणीही हात लावू नये, तिच्या आईनेही नाही.