एकाच कॅनमधलं ऑइल दोन्हीकडे?

पेट्रोल इंजिनवर चालणारं प्रेशर वॉशर घरी गाडी धुण्यासाठी घेतलं, तर पुस्तिकेतलं ‘सहा महिन्यांनी ऑइल बदला’ हे वाक्य पुरतं. वॉशिंग सेंटरवर तेच वाक्य मशिनचा घात करतं, कारण त्याच ओळीत लिहिलेले ‘किंवा १०० तास’ हे शब्द कोणी वाचत नाही. रोज आठ तास इंजिन चालत असेल, तर १०० तास तेराव्या दिवशीच भरतात. १९६ सीसीच्या सर्वसाधारण इंजिनात जेमतेम ६०० मिली ऑइल मावतं आणि बहुतेक इंजिनांना ऑइल फिल्टर नसतो. झिजेचा कचरा त्याच ऑइलमध्ये फिरत राहतो. प्लगच्या वायरला गुंडाळायचा स्वस्त अवर मीटर बसवा. पंप थेट इंजिनच्या शाफ्टवर असेल, तर दोघांचे तास एकाच मीटरवर कळतात.

आता पंप. इंजिनमध्ये ओतून उरलेलं १०डब्ल्यू-३० पंपात टाकायची सवय आपल्याकडे सर्रास दिसते. काही कंपन्या इंजिन ऑइल चालतं असं लिहितात, त्यांचं पुस्तक पाहावं. पण ज्यांनी नॉन-डिटर्जंट पंप ऑइल सांगितलंय, तिथे हा बदल करू नये. इंजिन ऑइलमधलं डिटर्जंट काजळी तरंगत ठेवतं, म्हणजे ती ड्रेन करताना ऑइलबरोबर निघून जाते. पंपात काजळी नसते, पाणी असतं. डिटर्जंट त्या पाण्यालाही ऑइलमध्ये मिसळून धरतं आणि बेअरिंगवर तेच मिश्रण फिरतं. पंप ऑइलमध्ये पाणी सुटून तळाशी बसतं, फेसही कमी होतो.

समजा, काचेतून ऑइल दुधाळ दिसलं. थोडं पारदर्शक बाटलीत काढून रात्रभर ठेवा. पाण्याचा थर खाली बसला, तर ऑइल आपलं काम करतंय, पण पाणी शिरतंय. सकाळीही चहासारखं दिसलं, तर पाणी ऑइलमध्ये पक्कं मिसळलंय. दोन्ही वेळा ऑइल बदलावंच लागतं, पण नुसतं बदलून भागत नाही. पंपाखाली पाणी ठिबकत असेल तर प्लंजरचं पॅकिंग गेलं, ऑइल ठिबकत असेल तर ऑइल सील.

पॅकिंग लवकर जाण्याचं मोठं कारण आपल्याच कामाच्या पद्धतीत आहे. पोरगा फोम लावायला जातो, गन सोडतो, इंजिन चालूच. तेच पाणी बायपासमधून पंपातच फिरत तापतं आणि पॅकिंग कडक होतं. दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं असेल, तर इंजिन बंद करायला सांगा.

नव्या पंपाचं पहिलं ऑइल साधारण ५० तासांनी आणि पुढे ५०० तासांनी बदलायचं असतं. दुधाळ दिसलं तर तास पाहू नका. आधी सील बदला, जुनं ऑइल पूर्ण निथळू द्या आणि मगच नवं भरा.