एअरोटरचा परतीचा प्रवास

दातातील कीड कोरताना जो बारीक, शिटीसारखा आवाज कानात घुमतो, तो एअरोटरचा. दाबाच्या हवेने त्याच्या डोक्यातील चिमुकले चक्र मिनिटाला तीन लाखांहून अधिक फेरे घेते. डॉक्टरांनी पायाखालचे बटण सोडले, की हवा थांबते. चक्र मात्र क्षणभर फिरतच राहते. त्या क्षणी डोक्यात पोकळी निर्माण होऊन तोंडातील लाळ आणि रक्ताचा सूक्ष्म अंश आत ओढला जातो. स्पिरिटच्या बोळ्याने बाहेरची नळी कितीही चकचकीत पुसली, तरी आतला हा अंश तसाच राहतो आणि पुढच्या रुग्णाच्या तोंडात पाण्याच्या फवाऱ्याबरोबर उतरू शकतो. लहान दवाखान्यातील निर्जंतुकीकरणाची खरी परीक्षा चिमट्यावर वा आरशावर होत नाही, ती या पोकळ हत्यारावर होते.

अंबड, परतूर किंवा मंठा अशा तालुक्याच्या गावातील एका खुर्चीचा दवाखाना डोळ्यांसमोर आणावा. एक डॉक्टर, एक मदतनीस, मागच्या खोलीत एक सिंक आणि एक ऑटोक्लेव्ह. रुग्ण उठण्यापूर्वीच पहिले काम सुरू होते. एअरोटर नळीला जोडलेला असतानाच वीस ते तीस सेकंद हवा आणि पाणी सोडून तो चालवायचा, म्हणजे आत ओढलेले बरेचसे बाहेर फेकले जाते. नंतर बर काढून, एअरोटर सोडवून, ओल्या कापडाने बाहेरून स्वच्छ करायचा. त्याला पाण्यात बुडवून ठेवणे किंवा ध्वनिलहरींच्या यंत्रात घालणे वर्ज्य, कारण आतील बेअरिंग त्याने खराब होतात. चिमटे, प्रोब आणि आरसे मात्र एन्झाइमच्या द्रावणात भिजवावे, सांधे उघडे ठेवून घासावे, धुऊन कोरडे करावे. रक्त वाळू देऊ नये. वाळलेल्या रक्ताच्या पापुद्र्याखाली वाफ पोहोचत नाही. काही ठिकाणी हत्यारे न धुताच ग्लुटराल्डिहाइडमध्ये टाकण्याची सवय आढळते. ती उलट फळते. त्या रसायनाने रक्तातील प्रथिने धातूला घट्ट चिकटतात.

यानंतर एअरोटरला तेल द्यायचे. तेल मागच्या छिद्रातून सोडून, तो क्षणभर चालवून जास्तीचे बाहेर काढायचे. हा क्षण बहुतेकदा वाचवला जातो आणि तेथेच घोटाळा होतो. आत साचलेल्या तेलाच्या थराखाली जंतू सुरक्षित राहतात, कारण वाफेतील ओलावा तेलातून पलीकडे जात नाही. पाऊचच्या कागदावर तेलकट डाग उमटला, तर जास्तीचे तेल निघालेले नाही असे समजून तो एअरोटर पुन्हा मागे पाठवावा.

आता ऑटोक्लेव्ह. ज्या घरांत पाणी उकळूनच पिण्याची रीत आहे, तेथे हत्यारेही उकळली की झाले, असे वाटणे स्वाभाविक आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंचीवरील जालन्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. तेवढ्याने बहुतेक जंतू मरतात. मात्र काही जंतू कठीण कवचाची बीजे करून राहतात आणि ती उकळत्या पाण्यात तासभरही टिकू शकतात. त्यासाठी दाबाखालची वाफ लागते: १२१ अंश किंवा १३४ अंश.

अंशांइतकेच महत्त्व आतल्या हवेला आहे. जुन्या कुकरवर शिटी ठेवण्यापूर्वी गृहिणी वाफेची सरळ धार येण्याची वाट पाहत असे. आतली हवा निघून जावी, हाच त्याचा अर्थ होता. उभ्या, साध्या ऑटोक्लेव्हमध्येही वाफ हवेला खाली ढकलून बाहेर काढते. सुट्या, भरीव चिमट्यांसाठी ते पुरेसे ठरते. एअरोटरच्या बारीक नळ्यांतील हवा मात्र अशी ढकलली जात नाही. काटा योग्य आकडा दाखवतो आणि नळीच्या आत गरम हवा तेवढी कोंडून राहते. म्हणून पोकळ आणि पाऊचबंद हत्यारांसाठी आधी पंपाने हवा खेचून घेणारे यंत्र लागते. त्याला बी वर्गाचे ऑटोक्लेव्ह म्हणतात. त्यात १३४ अंशांवर तीन ते चार मिनिटे पुरतात. ही मिनिटे ते तापमान गाठल्यानंतर मोजायची, बटण दाबल्यापासून नव्हे. मध्येच वीज गेली, तर झालेली मिनिटे जमेस धरता येत नाहीत. आवर्तन पहिल्यापासून सुरू करावे लागते. यंत्रात बोअरचे पाणी घालू नये, कारण त्यातील क्षारांनी झडपा तुंबतात. हत्यारांवर पांढरे ठिपके दिसू लागले, की डिस्टिल्ड पाण्याऐवजी दुसरे काही पडले आहे, असा संशय घ्यावा.

येथे हिशेब आडवा येतो. सकाळी दहा ते एक या वेळेत अर्ध्या-अर्ध्या तासाने सहा रुग्ण आहेत आणि प्रत्येकाला एअरोटर लागणार आहे, असे धरू. साफसफाई, तेल, पॅकिंग, तापणे, आवर्तन, वाळणे आणि थंड होणे मिळून सव्वा तास जातो. पहिल्या दोन रुग्णांचे एअरोटर अकरा वाजता एकत्र प्रक्रियेस गेले, तर सव्वाबाराला परत येतील. दरम्यान अकरा, साडेअकरा आणि बाराच्या रुग्णांना तीन वेगळे हवेत. म्हणजे दवाखान्यात पाच एअरोटर असले पाहिजेत. दोनच असतील, तर स्पिरिटचा बोळा अटळ होतो, किंवा वाळवण्याचा वेळ कापला जातो. ओले पाऊच हे या घाईचे लक्षण. ओल्या कागदातून जंतू आत शिरतात, म्हणून ते पाऊच निर्जंतुक मानता येत नाही. रुग्णाने डॉक्टरांना विचारायचेच झाले, तर यंत्राची किंमत विचारू नये. एअरोटर किती आहेत, एवढे विचारावे.

पाऊचवरील पट्टीचा रंग बदलला, की काम फत्ते झाले, असा समज सर्वत्र आहे. बाहेरची पट्टी फक्त हे पाऊच यंत्रात जाऊन तापले, एवढे सांगते. खरा ताळा आठवड्यातून एकदा बीजांच्या कुपीने करतात. उष्णता सहन करणाऱ्या निरुपद्रवी जंतूंची बीजे भरलेली एक कुपी हत्यारांबरोबर ठेवायची, दुसरी बाहेर. मग दोन्ही साधारण ५५ ते ६० अंशांवर एक-दोन दिवस उबवायच्या. बाहेरच्या कुपीत वाढ झाली आणि आतलीत झाली नाही, तरच यंत्र पास. दोन्हीत वाढ नसेल, तर आनंद मानू नये; कुपीच मृत निघाली, चाचणी रद्द. अमेरिकेतील टल्सा येथे २०१३ साली एका दंतवैद्याच्या सुमारे सात हजार रुग्णांना रक्ततपासणीची सूचना द्यावी लागली, तेव्हा तेथील ऑटोक्लेव्हची ही चाचणी किमान सहा वर्षे झालेलीच नव्हती, असे तपासात आढळले.

कोरडी पाऊच तारीख घालून सिंकपासून दूर, बंद कपाटात ठेवावी, जुनी आधी वापरावी आणि रुग्णासमोरच फोडावी. फाटलेले वा भिजलेले पाऊच, तारीख कोणतीही असो, पुन्हा धुण्यास जाते. पाऊच फोडल्यानंतरही बिघाड होऊ शकतो. तामिळनाडूतील वाणियंबाडी येथे दातांच्या एका दवाखान्याशी जोडलेल्या दहा रुग्णांना मेंदूचा दुर्मिळ जिवाणूसंसर्ग झाला आणि त्यातील आठ दगावले. शस्त्रक्रियेच्या हत्याराने सलाइनची बाटली उघडायची आणि ती सैल झाकून पुढच्या रुग्णांसाठी ठेवायची, अशी पद्धत तेथे आढळली. सलाइनची उघडलेली बाटली त्या रुग्णाबरोबरच संपते. उरलेली ओतून द्यावी.