आहेराची वही चालते, मग इच्छेची का नको?

‘मला काही नको गं, सगळं आहे.’ दिवाळीच्या आठ दिवस आधी फोन करून ‘तुला काय आणू?’ असं विचारलं, की माझी आई हे उत्तर देते. तुमचीही देत असणार. या उत्तरावर विश्वास ठेवून आपण मग साडी घेतो, कारण साडी चुकत नाही म्हणतात. साडी चुकते. आईच्या कपाटात सर्वांत खालचा कप्पा ‘देण्याघेण्याच्या’ साड्यांचा आहे. मी घेतलेल्या तीन साड्या त्यात गेल्या आणि त्यातली एक पुढे कुणाच्या तरी ओटीतून गावभर फिरली.

म्हणून मी मोबाइलमध्ये एक नोंद ठेवायला लागले. वर्षभर आई जाता-येता जे बोलते, त्यातलं कामाचं मी तारखेसह लिहून ठेवते. हे एका मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, ‘ई, आईची फाइल केलीस? प्रेम असेल तर लक्षात राहतं.’ हा लेख तिच्यासाठी आहे, आणि असं म्हणणाऱ्या सगळ्यांसाठी.

पहिली गोष्ट, लिहून ठेवणं आपल्याकडे कुणाला खटकत नाही. लग्नाच्या मांडवात कोपऱ्यात टेबल टाकून एक भाऊबंद वही घेऊन बसलेला असतो. नाव, गाव, रक्कम, नाहीतर ‘टॉवेल-टोपी’, ‘साडी-पीस’ असं तो लिहितो. पुढे त्या पाहुण्यांकडे कार्य निघालं की ती वही कपाटातून बाहेर येते, त्यांनी आपल्याला किती केलं होतं ते बघितलं जातं आणि तेवढंच, किंवा थोडं वर घालून, परत केलं जातं. मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकाने १९२५ साली भेटींवर मोठा निबंध लिहिला. भेट घेतली की ती फेडण्याचं बंधन येतं, हे त्याने दूरदूरच्या समाजांची उदाहरणं देऊन मांडलं. आमच्या आहेराच्या वहीत ते बंधन ओळीओळीत दिसतं. ही वही कुणाला कोरडी वाटत नाही, उलट ती हरवली तर घरात भांडणं होतात. म्हणजे कुणी काय दिलं ते लिहिणं ही रीत, आणि कुणाला काय हवंय ते लिहिलं की मात्र ‘ई’!

‘लक्षात राहतं’ हा दावाही तपासून बघा. गेल्या सहा महिन्यांत आईने, बाबांनी किंवा भावाने सहज बोलून दाखवलेल्या तीन इच्छा आत्ता, मोबाइल खाली ठेवून, आठवा. मला एक आठवली होती, तीही चुकीची. आईच्या हिरव्या बांगड्या फुटल्या तेव्हा ती आपलं माप म्हणाली होती आणि मी ते ‘दोन-सहा’ असं मनात ठेवलं. माप होतं दोन-चार. बांगडीवर २.४ लिहिलेलं असतं ते दशांशात नसतं. ते दोन इंच आणि वर चार सोळांश, म्हणजे सव्वादोन इंच असतं. २.६ म्हणजे त्याहून एक अष्टमांश इंच, जेमतेम तीन मिलिमीटर मोठी. पण दुकानात काम करणाऱ्या बाईच्या हातात तेवढी सैल बांगडी सारखी पुढे घरंगळते. आईने ती दोन दिवस कौतुकाने घातली आणि काढून ठेवली. प्रेम भरपूर होतं, फक्त आकडा लिहिलेला नव्हता.

आता आमचं घर. आम्ही शनिशिंगणापूरचे. गावात घरांना दारं-कुलपं न लावण्याची रीत आहे, हे तुम्ही ऐकलेलं असेल. २०११ साली इथे युको बँकेची शाखा निघाली, तीही बिनकुलपाची म्हणून बातम्यांत आली. बातम्यांत जे येत नाही ते असं, की दार नसलेल्या घरात पडदा हेच दार असतं, आणि ते रोज वाऱ्याशी भांडतं. आमचं पूजासाहित्याचं छोटं दुकान आहे. तेल, रुईच्या पानांच्या माळा, काळे उडीद, नारळ. आई पहाटेपासून दुकानात असते, शनि अमावास्येला तर जेवायलाही घरी येत नाही. ती निवांत बसून मला काही सांगेल असं होतच नाही. जे बोलते ते काम करता करता, अर्धं माझ्याशी आणि अर्धं स्वतःशी.

मागच्या वर्षीच्या नोंदीतल्या या काही ओळी, जशाच्या तशा:

१५ जानेवारी. झाडताना. ‘हा पडदा दरवेळी खांद्यावर घ्यावा लागतो मेला.’
९ मार्च. फोनवर. ‘मावशीकडचा डबा किती छान आहे, असा पाहिजे.’ (मावशी शेजारीच होती.)
२७ मे. रात्री. ‘वाऱ्यानं पडदा उडतो, रस्त्यावरचा उजेड डोळ्यावर येतो. झोपच लागत नाही.’
३० जून. पडद्याच्या टोकावर वीट ठेवली आहे. काही बोलली नाही.
१८ ऑगस्ट. ‘वीट लागली पायाला.’

यात ‘मला अमुक हवंय’ असं एकदाच आलंय, डब्याच्या ओळीत, आणि तीच ओळ बिनकामाची आहे. मावशीच्या घरी बसून मावशीच्या डब्याला छान म्हणणं हा शिष्टाचार झाला. माझा अनुभव असा, की माणूस दुसऱ्याची वस्तू बघून जी इच्छा बोलतो ती आठवडाभरात विरते. करवादून जी तक्रार करतो ती मात्र टिकते. म्हणून मी तक्रारी आधी लिहिते. त्यातही एकच गोष्ट वेगवेगळ्या महिन्यांत दोनदा आली तरच ती खरी धरते. डबा परत कधी आला नाही. पडदा चार वेळा आला, आणि त्यातला एकदा तर न बोलता.

लिहिताना दोन गोष्टी पाळते. एक, शब्द तिचे लिहायचे, माझा अर्थ नाही. मेमध्ये मी ‘आईला जाड पडदा हवा’ असं लिहिलं असतं तर जानेवारीची ओळ त्याला जोडलीच गेली नसती, आणि मी जाड पडदा नेऊन खांद्यावरचं ओझं दुप्पट केलं असतं. दोन, प्रसंग लिहायचा. कुठे, काय करताना, शेजारी कोण होतं. ‘मावशी शेजारीच होती’ या कंसाने माझे पैसे वाचवलेत.

दिवाळीच्या दीड महिना आधी मी नोंद उघडली. आठ दिवस आधी उघडून उपयोग नसतो, कारण तेव्हा फक्त दुकानात तयार असेल तेच घेता येतं. गावी गेले तेव्हा चौकटीची उंची आणि रुंदी मापून आणली. पुण्यातल्या एका शिंप्याकडून जाड, धुता येईल अशा कापडाचा पडदा शिवला. तो जमिनीपासून चार बोटं वर ठेवला. खालच्या काठाला नळीसारखी रुंद दुमड घेऊन एक बाजू उघडी सोडली आणि तिच्यात बारीक लोखंडी साखळी सरकवली. धुताना साखळी ओढून काढता येते, नाहीतर गंजाचे डाग पडतात. (साखळी गुरुवारी घेतली. शनिवारी लोखंड घेतलं असतं तर आईने पडदा लावूच दिला नसता.) चौकटीला बाजूला एक आकडा ठोकला, झाडताना पडदा त्यात अडकवायला. साडीपेक्षा कमी पैशात झालं.

जोएल वॉल्डफोगेल नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९९३ साली एक निबंध छापला. अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना नाताळात मिळालेल्या वस्तूंची त्यांच्या स्वतःच्या लेखी किती किंमत आहे, असं त्याने विचारलं होतं. देणाऱ्याने मोजलेल्या पैशांतला दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंतचा भाग वाया जातो असं त्याने मांडलं. जिवलगांच्या भेटींत नुकसान कमी आणि लांबच्या नात्यांत जास्त होतं. काही लोक यावरून म्हणतात, मग सरळ पाकीट द्या. पाकिटात काही वाया जात नाही हे खरंच. पण आईला पाकीट दिलं असतं तर ते दुकानाच्या गल्ल्यात गेलं असतं, आणि पडद्यावरची वीट तिथेच राहिली असती.

आता मैत्रिणीच्या आक्षेपातला जो भाग खरा आहे, त्याकडे येते. भाऊबिजेला आईने माझा मोबाइल हातात घेतला, फोटो बघायला म्हणून, आणि तिला ती नोंद सापडली. आमच्या घरात कुलूप असलेली बहुधा एकच वस्तू आहे, माझा मोबाइल, आणि तोही तेव्हा उघडा होता. तिने सगळं वाचलं. पडद्याच्या ओळींवर हसली. मग एका ओळीवर थांबली. पावसाळ्यात रागाच्या भरात ती वहिनीबद्दल काहीतरी बोलली होती, आणि मी तेही लिहिलं होतं. का लिहिलं, त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्यात भेटीचा काही संबंध नव्हता. ‘हे कशाला ठेवलंस?’ एवढंच ती म्हणाली. दुपारभर माझ्याशी बोलली नाही.

ती ओळ मी तिच्यासमोर पुसली. तेव्हापासून रागातलं, आजारपणातलं आणि तिसऱ्या माणसाबद्दलचं काही लिहीत नाही. एखाद्या ओळीतून वस्तू, माप, रंग, चव किंवा जायचं ठिकाण निघत नसेल, तर ती त्या नोंदीत राहत नाही. माणसाच्या बोलण्याची नोंद भेटीपुरती न ठेवता सरसकट ठेवली, की ती पाळत होते. मैत्रिणीला हे मी मान्य केलं. पण म्हणून लिहायचंच नाही, हे मला पटत नाही. आहेराच्या वहीवरून पाहुण्यांची उणीदुणी पिढ्यान्‌पिढ्या निघतात, तरी ती वही कुणी जाळत नाही.

आणि दर वर्षी नवी नोंद. जुन्या नोंदीतलं पूर्ण झालेलं, विरलेलं आणि तिने स्वतःच घेऊन टाकलेलं मी डिसेंबरअखेर पुसते. हे केलं नाही तर तीन वर्षांपूर्वीची हौस आपण आज पुरवायला जातो. आईला एकेकाळी शिवणयंत्र हवं होतं. आता तिला सुईत दोरा ओवायलाही चष्मा लागतो, त्यामुळे यंत्र आणलं असतं तर ते तिने दुसऱ्या कुणाला तरी दिलं असतं.

यंदाच्या नोंदीत दोनच ओळी पुढे आल्या आहेत. बांगड्यांचं माप, २.४. आणि नोव्हेंबरमधली एक, दुकान बंद करताना बोललेली: ‘नेवाशाला एकदा निवांत जायचंय. दरवेळी कुणाला तरी घेऊन जाते आणि त्यांचंच बघत बसते.’ नेवासा आमचाच तालुका आहे, ज्ञानेश्वरी जिथे लिहिली गेली ते ठिकाण. या ओळीतून वस्तू निघत नाही. अमावास्या नसलेला एक दिवस लागेल, आणि त्या दिवशी दुकानात तिच्याऐवजी कुणीतरी बसायला हवं. दादाला अजून विचारलेलं नाही.