बंद पडलेली पॉलिसी आणि जपायची वर्षे

आरोग्य विम्याची एखादी योजना बंद होत असल्याचे पत्र येते, तेव्हा विमाधारकाला पहिली भीती वाटते ती इतकी वर्षे भरलेले हप्ते वाया जाण्याची. नियम पाहिले तर ही भीती बव्हंशी अनाठायी आहे. पॉलिसीतील ठरलेल्या कलमानुसार कंपनीने मुदत संपण्याच्या 90 दिवस आधी कळवायचे असते आणि आपल्याच दुसऱ्या मिळत्याजुळत्या योजनेत जाण्याची मुभा द्यायची असते. पॉलिसीत खंड पडलेला नसेल, तर जमा झालेला बोनस आणि पूर्ण झालेला वेटिंग पिरियड त्या योजनेत सोबत नेता येतो.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते एका उदाहरणाने पाहू. समजा, पुण्यातील 67 वर्षांच्या एका बाईंची पॉलिसी 2019 पासून अखंड चालू आहे. विमा रक्कम 5 लाख, दावा न केल्याने साठलेला बोनस अडीच लाख, मधुमेह सुरुवातीलाच अर्जात नोंदवलेला. ही योजना बंद झाली आणि कंपनीने जी योजना पुढे केली तिच्यात किमान विमा रक्कमच 10 लाख आहे. इथे जुन्या वर्षांचे श्रेय साडेसात लाखांपर्यंतच लागू होते. उरलेले अडीच लाख कंपनीच्या दृष्टीने नवे, म्हणून मधुमेहासाठी त्यांवर पुन्हा वेटिंग पिरियड लागू शकतो. 2024 पासून आधीच्या आजारांसाठी त्याची कमाल मर्यादा 36 महिने आहे. पुढच्याच वर्षी मधुमेहामुळे मूत्रपिंडाच्या उपचारांचे 9 लाखांचे बिल झाले, तर साडेसात लाखांपर्यंतचा दावा वेटिंग पिरियडचे कारण सांगून कंपनीला अडवता येणार नाही. वरचे दीड लाख मात्र बाईंच्या अंगावर पडतील.

इथवरची व्यवस्था मला न्याय्य वाटते. योजना बंद करण्याची मुभाच नको, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. जुन्या योजनेत नवे लोक येणे थांबले की तरुण आणि धडधाकट माणसे दुसरीकडे जातात, आजारी आणि वयस्क तेवढे मागे राहतात. दावे वाढतात, हप्ता वाढतो, मग आणखी काही जण बाहेर पडतात. असा आटत जाणारा गट सक्तीने चालू ठेवला, तर त्यात अडकलेल्यांचेच नुकसान होते. त्यांना मोठ्या गटात सामावून घेणे हिताचे आहे.

पण सोबत येतात ती वर्षे. जुन्या सवलती येतीलच असे नाही. जुन्या पॉलिसीत खोलीभाड्याला मर्यादा नव्हती आणि नवीत ती असेल, किंवा प्रत्येक दाव्यात 20 टक्के वाटा रुग्णाने उचलायचा असेल, तर वेटिंग पिरियडचे श्रेय शाबूत राहूनही विमा तोकडा पडतो. हप्त्याचेही तेच. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला 10 टक्क्यांहून अधिक वाढवायचा असेल किंवा त्यांची वैयक्तिक योजना बंद करायची असेल, तर आधी सल्लामसलत करा, असे नियामक ‘इर्डाई’ने जानेवारी 2025 मध्ये कंपन्यांना बजावले. हा निर्णय योग्यच होता. परंतु योजनाच बदलली, की वाढ कशाच्या तुलनेत मोजायची? ती विमाधारकाने शेवटी भरलेल्या हप्त्याशीच ताडून पाहावी आणि बंद केलेल्या योजनेइतक्याच विमा रकमेचा निदान एक पर्याय कंपनीने द्यावा, असे नियामकाने स्पष्ट लिहायला हवे. एवढे बंधन घालूनही कंपन्यांना तोट्यातील योजना गुंडाळता येईल.

खरी फसगत बहुतेकदा कागदावर होते. घाईत एजंट नव्या ग्राहकाचा अर्ज भरून घेतो, मागची पॉलिसी तशीच संपते आणि विमाधारक पहिल्या दिवसापासून नवा ठरतो. मग पहिले 30 दिवस आजारपणाला संरक्षण नाही, मोतीबिंदू-हर्नियासारख्या शस्त्रक्रियांसाठी सहसा दोन वर्षे थांबा आणि मधुमेहाची मोजणी पुन्हा शून्यापासून. पाच सलग वर्षांनंतर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. ते कवचही जाते.

म्हणून अर्जावर ‘मायग्रेशन’ असा स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय सही करू नका. नवी पॉलिसी हाती आली की तिच्या शेड्यूलमध्ये पहिल्या पॉलिसीची तारीख, जुना पॉलिसी क्रमांक आणि बोनसची रक्कम बरोबर आली आहे का, ते त्याच दिवशी तपासा. चूक दिसली तर कंपनीला लेखी कळवा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर विमा लोकपालांकडे विनाशुल्क तक्रार करता येते. पुणे आणि मुंबईत त्यांची कार्यालये आहेत. जुन्या पॉलिसींच्या प्रती मात्र जपून ठेवा, कारण वर्षांचा पुरावा त्यांच्यातच असतो.