परिच्छेदाचा सांधा

इतिहासाच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकाला काही शब्द इतके परिचयाचे होतात की ते कुठे येणार हे पान उलटण्याआधीच सांगता येते. दुसऱ्या वाक्याच्या आरंभी ‘त्यामुळे’, तिसऱ्याच्या ‘तसेच’, चौथ्याच्या ‘त्याचप्रमाणे’ आणि शेवटी, उत्तर संपले हे परीक्षकाला कळावे म्हणून, ‘अशा प्रकारे’. व्याकरणाच्या तासाला आपण उभयान्वयी अव्ययांचे प्रकार पाठ करून घेतो, गाइडे त्यांत आणखी भर घालतात, आणि विद्यार्थ्याची अशी समजूत होते की हे शब्द पेरले म्हणजे परिच्छेद तयार झाला. या समजुतीला आमचा विरोध आहे, आणि तो केवळ शैलीपुरता नाही. चुकीच्या ठिकाणी बसलेला जोडशब्द इतिहासच चुकीचा सांगतो.

वर्षानुवर्षे वाचलेल्या उत्तरांवरून जुळवलेला एक नमुना येथे देतो. प्रश्न १९७२ च्या दुष्काळाविषयीचा आहे:

‘१९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. त्यामुळे लोकांचे फार हाल झाले. तसेच जनावरांना चारा मिळाला नाही. त्याचप्रमाणे सरकारने दुष्काळी कामे काढली. परंतु लोकांनी खडी फोडली. म्हणून रोजगार हमी योजना सुरू झाली. अशा प्रकारे लोक वाचले.’

यातील जवळजवळ प्रत्येक वाक्य सुटे घेतले तर खरे आहे. आता जोडशब्दांवर बोट ठेवून ते झाकावेत आणि मधली वाक्ये मागेपुढे करून वाचावीत. चाऱ्याचे वाक्य हालांच्या आधी आले काय आणि नंतर आले काय, काहीच बिघडत नाही. वाक्यांची जागा बदलूनही अर्थ बदलत नसेल, तर त्यांच्यामध्ये बसलेला शब्द काहीच जोडत नव्हता, असे खुशाल समजावे. ‘परंतु लोकांनी खडी फोडली’ येथे विरोध कशाचा आहे? सरकारने कामे काढली आणि लोकांनी ती केली, यात विरोध नाहीच. ‘त्याचप्रमाणे’ने तर जनावरांची उपासमार आणि सरकारची उपाययोजना एकाच माळेत ओवली आहे.

सर्वांत घातक आहे तो ‘म्हणून’. रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांनी दुष्काळ शिगेला पोहोचण्याच्या काही वर्षे आधीच मांडली होती. दुष्काळाने तिची निकड सिद्ध केली हे खरे. पण दुष्काळ पडला म्हणून योजना जन्मली, हे विधान कारण आणि निमित्त यांची गल्लत करते. विद्यार्थ्याला हे मुद्दाम सांगायचे नव्हते. पाठ केलेल्या शब्दाने ते त्याच्याकडून वदवून घेतले.

या रोगाचे मूळ पहिल्या वाक्यात आहे. ‘१९७२ साली मोठा दुष्काळ पडला’ ही माहिती आहे, परिच्छेदाचे मुख्य वाक्य नव्हे. मुख्य वाक्य ऐकताच वाचकाच्या मनात ‘ते कसे?’ असा प्रश्न उठला पाहिजे, आणि पुढची सारी वाक्ये त्या प्रश्नाचे उत्तर झाली पाहिजेत. दुष्काळ पडला यावर कोणी ‘ते कसे?’ विचारीत नाही. साहजिकच पुढे काय लिहावे याला धरबंध राहत नाही. आठवेल ते येत जाते, आणि ते एकमेकांशी संबंधित दिसावे म्हणून जोडशब्दांची मदत घ्यावी लागते. तोच परिच्छेद असा लिहून पाहू:

‘१९७२ चा दुष्काळ भूमिहीन कुटुंबांसाठी धान्याच्या टंचाईआधी मजुरीची टंचाई होता. पाऊस नसल्याने खुरपणी, कापणी, मळणी ही शेतातली कामे बंद पडली. या कामांवर ज्यांची चूल पेटत होती त्यांच्या हाती पैसाच उरला नाही. दुकानात धान्य आले तरी ते घ्यायचे कशाने? ही अडचण धान्य वाटून तात्पुरतीच टळली असती, आणि सरकारने मुख्य भर काम देण्यावर ठेवला. रस्ते, पाझर तलाव, बंधारे, खडी फोडणे अशा कामांवर १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे होती. त्यांना मिळालेल्या मजुरीतूनच रेशनची मिलो घरात आली.’

येथे ‘तसेच’ नाही, ‘त्याचप्रमाणे’ नाही, ‘अशा प्रकारे’ही नाही, तरी एकही वाक्य जागचे हलवता येत नाही. सांधा कुठे आहे तो पाहावा. शेतातली कामे बंद पडली असे एक वाक्य सांगते, आणि पुढचे ‘या कामांवर’ असे म्हणून तेथूनच सुरू होते. पैसा उरला नाही हे सांगून झाल्यावर पुढचे वाक्य त्या स्थितीला ‘ही अडचण’ असे नाव देते. वाचकाला ठाऊक झालेले आधी आणि नवे नंतर, एवढाच हा क्रम आहे. मराठीत शब्दक्रम बराच मोकळा असल्याने जुना धागा वाक्याच्या तोंडाशी आणणे आपल्याला सोपे जाते. मात्र ‘हे’ किंवा ‘यामुळे’ एवढ्यावर भागवू नये. ‘यामुळे’ म्हणजे नेमके कशामुळे, हे लिहिणाऱ्यालाही पुष्कळदा सांगता येत नाही. ‘ही’पुढे नाम लिहावे लागले की विचार करावाच लागतो: मागे सांगितली ती अडचण होती, अन्याय होता, की नुसती घटना? शेवटच्या वाक्यातील ‘मजुरीतूनच’मधला ‘च’ही पाहण्यासारखा आहे. त्या एका अक्षराने परिच्छेद पहिल्या विधानाकडे परत नेला. त्यासाठी समारोपाचा शब्द लागला नाही.

चाऱ्याचे वाक्य आम्ही गाळले. ते खोटे नव्हते आणि क्षुल्लकही नव्हते. या विधानाखाली त्याला जागा नव्हती. पशुधनाविषयी लिहायचे तर त्याचा वेगळा परिच्छेद करावा. खरी माहिती सोडून देणे मुलांना फार जड जाते, विशेषतः रात्र जागून ती पाठ केलेली असते तेव्हा.

पुढच्या परिच्छेदाकडे जातानाही हाच विचार कामी येतो. ‘दुष्काळी कामावर मजुराला काम मिळाले, पण ते मागण्याचा कायदेशीर हक्क मिळाला नव्हता.’ या वाक्याचा पूर्वार्ध मागे पाहतो आणि उत्तरार्ध पुढची वाट उघडतो. आता १९७७ चा रोजगार हमी कायदा, २६ जानेवारी १९७९ पासून झालेली त्याची अंमलबजावणी, मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम आणि ते न दिल्यास बेकारी भत्ता, हे सारे आपापल्या जागी येते. येथे ‘पण’ आहे आणि तो हवाच; काम आणि हक्क यांत खरोखर विरोध आहे. जोडशब्दांशी आमचे वैर नाही. ज्याला काम आहे त्याने राहावे.

आमच्या काही सहकाऱ्यांचे म्हणणे असे की, यादी दिली नाही तर दुबळी मुले वाक्ये नुसती एकाखाली एक लिहितात. पाचवी-सहावीपुरते ते मान्य. पण ज्यांच्या घरात पुस्तकांचे कपाट नाही त्या मुलांना दहावीपर्यंत यादीवरच ठेवणे, म्हणजे मांडणीची वरवरची खूण देऊन मांडणी न देणे होय. यांतलीच मुले पुढे तहसील कार्यालयात हरकतीचा अर्ज लिहितात किंवा स्पर्धा परीक्षेच्या मुख्य पेपरला बसतात. तेथे वाचणारा पहिले वाक्य पाहतो आणि पुढचे त्याला धरून आहे का ते तपासतो.

मुख्य वाक्य दर वेळी आरंभीच हवे असाही हट्ट नको. प्रसंगवर्णनात काळाचा क्रमच सांधा होतो, आणि एखादा निष्कर्ष पुरावे मांडून झाल्यावर शेवटी अधिक शोभतो. पण तोही आधी कच्च्या कागदावर लिहून समोर ठेवलेला बरा. वर्गात आम्ही उत्तर लिहिण्यापूर्वी एवढेच एक वाक्य लिहून घेतो आणि शेजारच्याला ‘ते कसे?’ असे विचारायला सांगतो. ज्याला उत्तरादाखल तीन वाक्येही सुचत नाहीत, त्याने पहिले वाक्य बदलावे.