सभासद आहे, पण कधीपर्यंत?

"अरे, तू कॉम्प्युटरला आहेस ना? मग आमच्या मंडळाची वेबसाइट करून दे की. दोन दिवसांचं तर काम!"

कॉम्प्युटरला असलेल्या प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी हे वाक्य ऐकलेलं असतं. (दुसरं वाक्य : "आमचा प्रिंटर चालत नाहीये, बघ ना जरा.") माझ्या बाबतीत ते अमेरिकेतून आलं. माझ्या मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका शहरातल्या मराठी मंडळाचे खजिनदार आहेत. मे २०२३ ची गोष्ट. एफईची पीएल चालू होती आणि एम-टू सोडून जगातलं कुठलंही काम करायची माझी तयारी होती. मी लगेच 'हो' म्हटलं.

परदेशातली मंडळं ही काही आयटीवाल्यांनी सुरू केलेली टूम नाही बरं का. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं आहे. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांची शिखर संस्था असलेलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे. पण मंडळ कितीही जुनं असलं तरी ते चालवणारे सगळे नोकऱ्या सांभाळून, शनिवार-रविवारी राबणारे लोक. समिती वर्ष-दोन वर्षांनी बदलते. काकांच्या आधीच्या खजिनदारांनी त्यांना काय दिलं, तर एक चेकबुक आणि `final_final2` नावाची एक्सेल फाइल!

काकांना तीन गोष्टी हव्या होत्या : वर्गणीचं नूतनीकरण, कार्यक्रमांचे फोटो आणि सूचनाफलक. मी म्हटलं, फोटो आणि सूचनांचं थोडं डोकं खाईल, वर्गणी काय, सोपी आहे. प्रत्येक कुटुंबापुढे एक रकाना, `sabhasad`. पैसे भरले की `Y`, नाही भरले की `N`. झालं! दोन दिवस नाही, पण दोन आठवड्यांत साइट उभी राहिली. आख्ख्या होस्टेलला दाखवून झाली.

आता त्या `Y` ने काय घोळ घातला ते ऐका.

मंडळाचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. म्हणजे १ जानेवारीला सगळ्यांना `N` करायचं आणि जसजसे पैसे येतील तसतसं `Y` करत जायचं. १ जानेवारी २०२४ ला मी ते केलं. २० जानेवारीला शनिवारी संक्रांतीचा कार्यक्रम होता. दारात टेबल, टेबलावर लॅपटॉप, लॅपटॉपपुढे एक स्वयंसेवक मुलगा. सभासदांना कमी दर, इतरांना जास्त. एक काकू आल्या. बावीस वर्षं मंडळात असलेल्या. दरवर्षी तिळगुळाचे लाडू त्याच करणार. मुलगा म्हणाला, "तुमचं नाव सभासदांत दिसत नाहीये." त्या म्हणाल्या, "मी पैसे भरलेत रे." त्याने पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं आणि "नाही दिसत," म्हणाला. काकूंनी वाद घातला नाही. जास्तीचे पैसे दिले, शेवटच्या रांगेत बसल्या आणि हळदीकुंकवाला न थांबता निघून गेल्या. त्या दिवशी असं चौदा कुटुंबांचं झालं.

झालं काय होतं? काकूंनी नोव्हेंबरमध्ये दिवाळीच्या तिकिटांबरोबरच २०२४ ची वर्गणी भरून टाकली होती. तेव्हा त्या २०२३ च्या सभासद होत्याच, म्हणजे रकान्यात आधीपासून `Y`. माझ्या प्रोग्रॅमने `Y` चं `Y` केलं. पैसे बँकेत जमा झाले, पण रकान्यात त्याची खूण काहीच उरली नाही. १ जानेवारीला मी सगळ्यांना `N` केलं, त्यात त्याही गेल्या. म्हणजे ज्यांनी सगळ्यात आधी पैसे भरले, नेमक्या त्यांनाच माझ्या साइटने दारात अडवलं!

माझं म्हणणं या एका गोष्टीतून सुरू होतं. 'सभासद आहे का?' हा प्रश्नच अर्धवट आहे. पूर्ण प्रश्न 'सभासद आहे, पण कधीपर्यंत?' असा आहे. सभासदत्व साठवून ठेवायचंच नसतं. साठवायच्या त्या पावत्या. सभासदत्व हा त्या पावत्यांमधून दर वेळी निघणारा हिशोब. मग मी रकाना काढून टाकला आणि दोन तक्ते केले : एक कुटुंबांचा, दुसरा वर्गणीच्या पावत्यांचा. प्रत्येक पावतीवर पैसे आल्याची तारीख, रक्कम आणि ती पावती कधीपर्यंत चालेल ती तारीख. मग एवढंच विचारायचं :

```
SELECT k.id, MAX(v.valid_until) AS shevat
FROM kutumb k
LEFT JOIN vargani v ON v.kutumb_id = k.id
GROUP BY k.id;
```

काकूंच्या दोन पावत्या. जानेवारी २०२३ ची ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत चालणारी, नोव्हेंबर २०२३ ची ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत. मोठी तारीख दुसरी. संक्रांतीचा दिवस तिच्या आत, म्हणून त्या सभासद. १ जानेवारीला कोणी कुठलंही बटण दाबायची गरज नाही आणि उद्या भांडण झालं तर पावती दाखवता येते. नुसतं `Y` दाखवून काय सिद्ध होणार, कपाळ?

आता ती शेवटची तारीख ठरवायची कशी? आमच्या गाइड सरांचं मत, पैसे भरल्यापासून बरोबर एक वर्ष. 'प्रोफेशनल' साइट्स तसंच करतात. मला ते मंडळासाठी पटत नाही. अशा साइट्स कार्डावरून आपोआप पैसे कापून घेतात, म्हणून त्यांना ते परवडतं. मंडळात दर महिन्याला कोणाची ना कोणाची मुदत संपणार आणि काकांनी वर्षभर फोन करत बसायचं! शिवाय वार्षिक सभेत मतदान सभासदांनीच करायचं असतं; यादी एका तारखेला एकच निघाली पाहिजे. म्हणून कॅलेंडरचं वर्षच बरं. फक्त एक सूट हवी : १ ऑक्टोबरनंतर भरलेले पैसे पुढच्या ३१ डिसेंबरपर्यंत चालतील. नाहीतर दिवाळीला नव्याने आलेल्या कुटुंबाला दीड-दोन महिन्यांतच पुन्हा पैसे मागावे लागतात, आणि ते कुटुंब पुन्हा दिसत नाही.

एवढं सगळं केल्यावर मी निवांत होतो. आणि ३१ डिसेंबर उजाडला, २०२४ चा. म्हणजे इकडे १ जानेवारीची पहाट होती. साडेपाचनंतर थोड्याच वेळात काकांचा फोन : "अरे, आमच्याकडे आत्ता कुठे संध्याकाळचे सात वाजलेत आणि तुझी साइट सांगतेय सगळ्यांची मुदत संपली!" सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर होतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हिवाळ्यात संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा यूटीसीमध्ये मध्यरात्र होते. सर्व्हरच्या दृष्टीने नवं वर्ष लागलं होतं. मुदत मोजायची ती मंडळाच्या गावाच्या तारखेने, `America/New_York` सांगून. सर्व्हरच्याही नाही आणि पुण्यात बसलेल्या पोराच्याही नाही.

मग पैशाची वाट. कार्डाने भरले तर साइटला आपोआप कळतं, पण मध्यस्थ कंपनी दर वेळी कमिशन कापते. म्हणून बहुतेक लोक 'झेल'ने थेट बँकेत पाठवतात. त्यात कमिशन नाही, पण साइटला त्याचा पत्ताही नसतो. काकांना रविवारी बँकेचं स्टेटमेंट उघडून एकेक पावती हाताने चढवावी लागते. आम्ही प्रत्येक कुटुंबाला एक क्रमांक दिला, उदाहरणार्थ `K214`, आणि पैसे पाठवताना तो लिहा अशी विनंती केली. निम्मे लोक तो लिहितात. उरलेले 'Ganpati' लिहितात. त्यातून नवऱ्याने एका वर्षी स्वतःच्या ईमेलवरून भरलेले असतात आणि बायकोने पुढच्या वर्षी तिच्या. साइटला ती दोन कुटुंबं वाटतात. म्हणून ईमेल माणसाचा आणि वर्गणी कुटुंबाची, हे वेगळं ठेवायचं. एकच पत्ता किंवा फोन दिसला की साइटने फक्त 'हे एकच घर आहे का?' असं विचारावं. ठरवायचं काकांनी. कारण एका पत्त्यावर दोन सख्ख्या भावांची दोन कुटुंबंही राहू शकतात!

गंमत म्हणजे 'कधीपर्यंत?' हाच प्रश्न उरलेल्या दोन कामांनाही लागू पडला. 'गणपतीच्या मूर्तींची ऑर्डर २० ऑगस्टपर्यंत द्या' ही सूचना होळीलाही साइटवर झळकत होती. आता शेवटची तारीख घातल्याशिवाय सूचना चढतच नाही. जुने फोटो एका माजी सचिवांच्या खाजगी खात्यात होते. त्यांनी जागा भरली म्हणून खातं साफ केलं, आणि मंडळाची चार वर्षांची दिवाळी गेली. आता फोटो मंडळाच्या खात्यात असतात. लहान मुलांचे फोटो लावायचे की नाही, हे दरवर्षी वर्गणीच्या फॉर्मवरच विचारतो. एका वर्षी दिलेला होकार जन्मभरासाठी नसतो.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? एक्सेल काय वाईट होती? खरं सांगू का, शंभरेक कुटुंबांच्या मंडळाला एक्सेल पुरते. फक्त दर पावतीला एक ओळ आणि त्या ओळीत 'कधीपर्यंत' हा रकाना हवा. तो नसेल तर वेबसाइटही काकूंना दारात अडवणार, फक्त जास्त झोकात.

काकूंना काकांनी जास्तीचे पैसे परत पाठवले होते. त्या फोनवर म्हणाल्या, "पैशाचं काही नाही हो. बावीस वर्षांनी 'नाव दिसत नाही' म्हणाला ना, ते लागलं." त्या वर्षी त्या गणपतीला आल्या नाहीत. २०२५ च्या संक्रांतीला मात्र आल्या, लाडू घेऊन. दारातल्या मुलाने स्क्रीन त्यांच्याकडे वळवून दाखवला : ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत.

टीईच्या मिनी प्रोजेक्टला मी हीच साइट दाखवली. एक्स्टर्नलनी सगळं खालीवर बघून विचारलं, "यात नवीन काय केलंस?"

मी म्हटलं, "सर, एक रकाना काढला आणि एक तारीख घातली."

मार्क बेताचेच पडले. चालायचंच!